हाताने के-मीन्स सोडवताना या चुका टाळा

के-मीन्स क्लस्टरिंगचे गणित कागदावर सोडवताना बहुतेकांचे अंकगणित चुकत नाही. चुकतो तो कामाचा क्रम. वजाबाक्या बरोबर असतात, वर्ग बरोबर असतात, आणि तरीही दुसऱ्या फेरीअखेर केंद्र भलतीकडेच गेलेले असते. त्यातही त्रासदायक गोष्ट अशी की काही चुकीच्या रीतींनी शेवटचे गट अगदी बरोबर येतात, त्यामुळे चूक झाली होती हे विद्यार्थ्याला कळतच नाही. म्हणून येथे एकच उदाहरण घेऊन ते दोन फेऱ्या नीट सोडवले आहे, आणि प्रत्येक चूक त्याच आकड्यांवर करून पाहिली आहे.

सात बिंदू घेऊ: अ(१, १), ब(२, १), क(१, २), ड(४, ४), इ(४, ६), फ(५, ५) आणि ग(९, ४). गट दोन करायचे आहेत आणि सुरुवातीची केंद्रे म्हणून अ आणि ग हे बिंदू दिलेले आहेत.

बरोबर रीत, दोन फेऱ्या

प्रत्येक फेरीत दोन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीत दोन्ही केंद्रे जागची न हलवता सर्व बिंदूंची वाटणी करायची. दुसऱ्या पायरीत वाटणी जशीच्या तशी ठेवून प्रत्येक गटाची सरासरी काढायची आणि तीच नवी केंद्रे मानायची. कोणते केंद्र जवळ आहे एवढेच ठरवायचे असल्यामुळे वर्गमूळ काढण्याची गरज नाही. अंतराचा वर्ग पुरेसा आहे. पुढील तक्त्यात दोन्ही फेऱ्यांतील अंतरांचे वर्ग दिले आहेत.

| बिंदू | फेरी १: (१, १) पासून | फेरी १: (९, ४) पासून | फेरी २: (२, २) पासून | फेरी २: (६, ५) पासून |
|---|---|---|---|---|
| अ | ० | ७३ | २ | ४१ |
| ब | १ | ५८ | १ | ३२ |
| क | १ | ६८ | १ | ३४ |
| ड | १८ | २५ | ८ | ५ |
| इ | ३४ | २९ | २० | ५ |
| फ | ३२ | १७ | १८ | १ |
| ग | ७३ | ० | ५३ | १० |

पहिल्या फेरीत अ, ब, क, ड हे पहिल्या गटात आणि इ, फ, ग हे दुसऱ्या गटात जातात. पहिल्या गटातील क्ष-निर्देशकांची बेरीज ८ आणि य-निर्देशकांचीही ८, बिंदू चार, म्हणून नवे केंद्र (२, २). दुसऱ्या गटात बेरजा १८ आणि १५, बिंदू तीन, म्हणून नवे केंद्र (६, ५).

दुसऱ्या फेरीत फक्त ड हा बिंदू गट बदलतो, कारण (२, २) पासून त्याच्या अंतराचा वर्ग ८ आहे आणि (६, ५) पासून ५. आता पहिल्या गटात अ, ब, क उरतात आणि केंद्र सुमारे (१.३३, १.३३) येते, दुसऱ्या गटात ड, इ, फ, ग येतात आणि केंद्र (५.५, ४.७५) येते.

केंद्र वाटणी चालू असतानाच हलवणे

ही चूक सर्वांत जास्त दिसते आणि तिची किंमतही सर्वांत मोठी असते. एखादा बिंदू गटात आला की लगेच त्या गटाची सरासरी बदलायची आणि पुढच्या बिंदूचे अंतर त्या बदललेल्या केंद्रापासून मोजायचे, असे अनेक जण नकळत करतात, कारण ताजी माहिती वापरणे स्वाभाविक वाटते. आपल्याच उदाहरणात हे वरून खाली करून पाहू. अ, ब, क आणि ड पहिल्या गटात आले की केंद्र (२, २) होते. आता इ ची पाळी येते. (२, २) पासून त्याच्या अंतराचा वर्ग २० आहे आणि (९, ४) पासून २९, म्हणून इ पहिल्या गटात जातो. केंद्र (२.४, २.८) वर सरकते. तेथून फ पर्यंतच्या अंतराचा वर्ग ११.६ भरतो आणि (९, ४) पासून १७, म्हणून फ देखील तिकडेच ओढला जातो. शेवटी दुसऱ्या गटात एकटा ग उरतो.

पुढच्या फेरीत हे सुधारेल असे वाटते, पण तसे होत नाही. सहा बिंदूंचे केंद्र आता सुमारे (२.८३, ३.१७) येथे आहे, त्यापासून फ च्या अंतराचा वर्ग सुमारे ८ आहे आणि ग पासून १७. एकही बिंदू हलत नाही आणि उत्तर तेथेच गोठते.

चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: तेच बिंदू उलट क्रमाने घेऊन पाहावेत. ग पासून सुरुवात करून वर गेले, तर याच रीतीने फ, इ आणि ड हे तिघेही दुसऱ्या गटात जातात आणि अगदी वेगळी वाटणी मिळते. नेहमीच्या रीतीत तक्त्यातील ओळींचा क्रम बदलल्याने उत्तर बदलता कामा नये (दोन्ही अंतरे तंतोतंत सारखी असतील तर बरोबरी कशी सोडवायची एवढे आधी ठरवून ठेवावे).

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. बिंदूगणिक केंद्र हलवण्याची रीत मुळात चुकीची नाही; ‘के-मीन्स’ हे नाव ज्यांच्या १९६७ च्या निबंधातून आले त्या जेम्स मॅक्वीन यांनी हीच रीत मांडली होती. सगळी वाटणी झाल्यावरच केंद्रे बदलण्याची रीत स्टुअर्ट लॉइड यांची आहे. त्यांनी ती १९५७ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिली आणि ती छापून आली १९८२ मध्ये. अभ्यासक्रमात ‘दोन फेऱ्या करा’ असे म्हटले जाते तेव्हा बहुधा लॉइड यांची रीत अपेक्षित असते. दोन रीतींची सरमिसळ करणे मात्र कोठेही ग्राह्य नाही.

दुसऱ्या फेरीत जुनीच केंद्रे वापरणे

नवी केंद्रे काढली, ती चौकटीत लिहिली, आणि पुढची अंतरे मात्र पुन्हा (१, १) आणि (९, ४) पासून मोजली, असे उत्तरपत्रिकांत वारंवार दिसते. तक्ता तोच असल्याने अर्थातच एकही बिंदू हलत नाही आणि ‘गट स्थिर झाले, म्हणून थांबलो’ असे वाक्य लिहून विद्यार्थी मोकळा होतो. ही स्थिरता खोटी आहे. केंद्रे हललेली असताना दुसऱ्या फेरीतील अंतरांचे आकडे पहिल्या फेरीसारखेच आले, तर तेथेच थांबून शीर्षकातील केंद्रे तपासावीत. प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर केंद्राचे निर्देशक लिहिण्याची सवय लावून घेतली, तर ही चूक जवळजवळ नाहीशी होते.

वर्ग न करता नुसते फरक मिळवणे

वर्गमूळ लागत नाही हे कळल्यावर काही जण एक पाऊल पुढे जाऊन वर्गही सोडून देतात आणि दोन निर्देशकांतील फरकांची बेरीज करतात. ड साठी हे करून पाहा. (१, १) पासून फरक ३ आणि ३, बेरीज ६. (९, ४) पासून फरक ५ आणि ०, बेरीज ५. म्हणजे ड पहिल्याच फेरीत दुसऱ्या गटात जातो, जेव्हा वर्गांच्या हिशेबाने १८ आणि २५ अशी तुलना होऊन तो पहिल्या गटात राहायला हवा होता. तिरपा फरक आणि सरळ फरक यांची तुलना होते तेथे हा घोटाळा होतो.

आणि हेच ते उदाहरण, ज्यात चूक लपते: या चुकीने पहिल्या फेरीत मिळणारे गट आपल्या दुसऱ्या फेरीच्या गटांशी तंतोतंत जुळतात. शेवटच्या ओळीकडे पाहून उत्तर तपासणाऱ्याला काहीच खटकणार नाही. शिवाय हा केवळ संकेताचा प्रश्न नाही. सरासरी हे केंद्र वर्गांची बेरीज किमान करते. फरकांची बेरीज किमान करायची असेल तर मध्यक घ्यावा लागतो, आणि मग ती रीत के-मीन्स राहत नाही.

केंद्र आणि बिंदू यांची गल्लत

सुरुवातीची केंद्रे दिलेल्या बिंदूंपैकीच असली, की दोन उलट चुका संभवतात. कोणी अ आणि ग यांना ‘केंद्र’ समजून सरासरीतून वगळतो, तर कोणी जुने केंद्र गटातील बिंदूंबरोबर आणखी एकदा मिळवतो. वास्तविक अ हा बिंदू म्हणून गटात असतोच, आणि एकदाच असतो. केंद्र ही केवळ एक जागा आहे, आणि (२, २) किंवा (६, ५) येथे एकही बिंदू नाही. जवळचा बिंदू पाहून केंद्र त्यावर नेऊन ठेवणे किंवा ४.७५ चे ५ करणे, हेही याच गैरसमजातून येते.

दोन्ही चुका एका बेरजेने पकडता येतात. सातही बिंदूंच्या निर्देशकांची बेरीज (२६, २३) आहे. प्रत्येक केंद्राला त्याच्या गटातील बिंदूंच्या संख्येने गुणून मिळवले तर कोणत्याही फेरीत हीच बेरीज आली पाहिजे. पहिल्या फेरीत चार गुणिले (२, २) आणि तीन गुणिले (६, ५) मिळून (२६, २३) येते. दुसऱ्या फेरीत तीन गुणिले १.३३ आणि चार गुणिले ५.५ मिळून २६ च येतात. अ आणि ग वगळले असते तर पाचच बिंदू मोजले गेले असते आणि क्ष-बेरीज १६ भरली असती. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती प्रत्येक फेरीनंतर करावी.

वर्गबेरीज काय सांगते आणि काय सांगत नाही

दुसरी तपासणी म्हणजे प्रत्येक बिंदूपासून त्याच्या केंद्रापर्यंतच्या अंतरांच्या वर्गांची एकूण बेरीज. आपल्या उदाहरणात पहिल्या वाटणीनंतर ती ६६ आहे, केंद्रे हलवल्यावर २८, दुसऱ्या वाटणीनंतर २५ आणि पुन्हा केंद्रे हलवल्यावर सुमारे २१.०८. ही बेरीज कोणत्याही पायरीवर वाढू शकत नाही. ती वाढलेली दिसली तर चूक नक्की आहे, आणि ती नेमक्या कोणत्या पायरीत आहे हेही कळते: वाटणीत वाढली तर एखादा बिंदू दूरच्या केंद्राकडे गेला आहे, सरासरीनंतर वाढली तर भागाकार चुकला आहे. फरकांची बेरीज करणाऱ्याची चूकही येथेच उघडी पडते, कारण ड दुसऱ्या गटात टाकल्यास पहिल्या वाटणीची बेरीज ६६ ऐवजी ७३ येते.

मात्र बेरीज घटत गेली म्हणजे सर्वांत चांगले गट मिळाले, असे लिहू नये. ग एकटा आणि बाकी सहा एकत्र ही आधी दिसलेली वाटणीदेखील स्थिरच आहे, आणि तिची बेरीज सुमारे ३७.६७ आहे. सुरुवातीची केंद्रे तशी पडली तर लॉइड यांची रीत काटेकोरपणे पाळूनही तेथेच अडकायला होते. तसेच दोन फेऱ्या पूर्ण झाल्या म्हणजे गट स्थिर झाले असेही होत नाही, कारण दुसऱ्या फेरीत ड हलला होता. तिसऱ्या फेरीची वाटणी करून पाहिली, ड पासून (५.५, ४.७५) च्या अंतराचा वर्ग सुमारे २.८१ आणि (१.३३, १.३३) च्या अंतराचा सुमारे १४.२ आला, आणि इतरही कोणी हलले नाही, की मगच ‘गट स्थिर झाले’ हे वाक्य लिहावे.