आजोबांच्या हयातीत मुलगा गेला? नातवंडांसाठी वसीयत करताना या चुका टाळा

नागपूरच्या मोमिनपुरा, हंसापुरी, जाफरनगर भागातून आणि कामठीहून माझ्याकडे येणाऱ्या वारसाहक्काच्या कागदांत एक प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. कमावता मुलगा वडिलांच्या आधी जातो. मागे सून आणि लहान मुलं राहतात. आजोबा गेल्यावर चाचा सांगतात, "शरीयतप्रमाणे तुमचा काही हिस्सा नाही." सुनेला वाटतं, हे फसवतायत. कायद्यापुरतं ते बहुतेक वेळा खरं बोलत असतात. हनफी कायद्यात, म्हणजे इथल्या बहुतेक सुन्नींना लागू असलेल्या कायद्यात, जवळचा वारस दूरच्याला बाजूला सारतो आणि मेलेल्या मुलाच्या जागी त्याची मुलं उभी राहत नाहीत. पाकिस्तानने 1961 साली कायदा करून नातवंडांना बापाचा हिस्सा दिला. इजिप्तने 1946 सालीच सक्तीच्या वसीयतीची तरतूद केली. भारतात यातलं काहीच नाही. इथे आजोबांनी स्वतः लेखणी उचलली तरच काही होतं.

आणि ती उचलताना लोक त्याच त्या चुका करतात.

हिस्सा नाही हे तपासायच्या आधीच मान्य करणं

नातवंडं वगळली जातात ती आजोबांच्या मृत्यूच्या वेळी दुसरा मुलगा हयात असेल तर. आजोबांना मागे फक्त मुली असतील, तर मुलींचे ठरलेले हिस्से गेल्यावर उरलेली मिळकत मेलेल्या मुलाच्या मुलाकडे येते आणि त्याची बहीण त्याच्यासोबत वाटेकरी होते.

दुसरं, मेलेल्या मुलाची स्वतःची कमाई. त्याचा पीएफ, विम्याची रक्कम, त्याच्या नावचा प्लॉट, दुकानातला माल हे सगळं त्याच्या स्वतःच्या वारसांचं आहे. यात त्याच्या आई-वडिलांना प्रत्येकी एक षष्ठांश, बायकोला एक अष्टमांश आणि उरलेले चोवीसपैकी तेरा भाग मुलांना जातात. "नातवंडांना काही नाही" या एका वाक्याखाली हेसुद्धा आजोबांच्या घरात मिसळून टाकलेलं मी पाहिलंय आणि त्याचा मला फार राग येतो. पासबुकं आणि पावत्या आधी वेगळ्या काढा, बाकीचं मग बोलू.

तिसरं, मृत्यूंच्या तारखा. आजोबा आधी गेले आणि मुलगा नंतर, तर मुलाचा हिस्सा आजोबांच्या मृत्यूच्या क्षणीच त्याचा झाला. फेरफार झाला नसेल, आखीव पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव असेल, तरी तो हिस्सा पुढे त्याच्या मुलांकडे येतो. मृत्यूचे दोन्ही दाखले शेजारी ठेवल्याशिवाय मी पुढचा कागद वाचत नाही.

जास्त लिहून ठेवणं आणि जिवंतपणी घेतलेल्या सह्यांवर विसंबणं

ही चूक मला सर्वांत जास्त छळते, म्हणून सविस्तर सांगतो.

मुस्लिम माणसाला वसीयतीने एक तृतीयांशच देता येतं. तेही कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि पत्नीचा न दिलेला मेहर फेडून जे उरेल त्याचं. मेहर हे कर्जच आहे, हे बहुतेक जण विसरतात. त्याहून जास्त द्यायचं असेल तर वारसांची संमती लागते, आणि हनफी कायद्यात ती मृत्यूनंतर दिलेली असावी लागते.

मोमिनपुऱ्यातल्या एका आजोबांचं प्रकरण आहे. हिशेब समजावा म्हणून आकडे गोल केलेत. घर 54 लाखांचं, बँकेत ठेव 8 लाख. दवाखाना, दफन आणि मेहर मिळून देणं 2 लाख. म्हणजे निव्वळ 60 लाख. मागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली. आणि गेलेल्या थोरल्या मुलाची बायको, एक मुलगा, एक मुलगी. आजोबांचा जीव त्या दोन लेकरांवर. त्यांनी अर्धी मिळकत नातवंडांना लिहून दिली. कुणीतरी सांगितलं की वारसांची संमती लागते, म्हणून घरीच सगळ्यांना बसवलं आणि स्टॅम्प पेपरवर सह्या घेतल्या. धाकटा मुलगा म्हणाला, "अब्बा, तुम्ही म्हणाल तसं." तो मनापासूनच म्हणाला असेल.

आजोबा गेले. पुढे घर पाडून नवीन बांधण्याची बोलणी सुरू झाली, भाव चढला, आणि धाकट्याने संमती नाकारली. सुनेच्या हातात तो स्टॅम्प पेपर होता आणि मोठा विश्वास होता. पण हयातीतली ती संमती मृत्यूनंतर बांधील धरता येत नाही. बाप जिवंत असताना मुलाचा हक्क निर्माणच झालेला नसतो, तो सोडणार काय? प्रकरण दिवाणी न्यायालयात रेंगाळलं. त्या काळात लेकरांची फी मामाने भरली.

आता हिशेब बघा. वसीयत अर्ध्याची, म्हणजे 30 लाखांची होती. ती पूर्ण रद्द होत नाही, एक तृतीयांशावर, म्हणजे 20 लाखांवर येते. वरच्या 10 लाखांसाठी ज्याने मृत्यूनंतर संमती दिली त्याच्या हिश्शापुरतीच ती चालते. इथे एका मुलीने दिली. तिचा हिस्सा बत्तीसपैकी सात भाग, म्हणून त्या 10 लाखांतले सुमारे 2 लाख 19 हजार नातवंडांना मिळाले.

आणि थोरला मुलगा जिवंत असता तर त्याला किती मिळालं असतं? 60 लाखांतून पत्नीचा एक अष्टमांश, साडेसात लाख, गेला. उरलेले साडेबावन्न लाख दोन मुलगे आणि दोन मुलींत, म्हणजे सहा भागांत. मुलाचे दोन भाग, साडेसतरा लाख. म्हणजे बिनसंमतीच्या एक तृतीयांशातच लेकरांना बापाच्या हिश्शापेक्षा जास्त मिळत होतं! अर्ध्यासाठी भांडण ओढवून घ्यायची गरजच नव्हती.

म्हणून वसीयत लिहायला आलेल्या प्रत्येकाला मी आधी हा हिशेब कागदावर करायला लावतो. "साहेब, एवढं कशाला, फॉरमॅट द्या" म्हणणारे असतात. त्यांना मी फॉरमॅट देत नाही. मुलं जास्त असतील तर बापाचा हिस्सा एक तृतीयांशाच्या आतच बसतो. दोनच मुलगे असतील तर थोडा वर जातो. तेव्हा वरचा भाग हयातीतच हिबा, म्हणजे बक्षीस, करून द्यावा. हिब्याला एक तृतीयांशाची मर्यादा नाही. पण ताबा सहसा खरोखर द्यावा लागतो. भाडेकरू नातवाच्या नावे भाडं भरायला लागला, कर पावतीवर नाव चढलं, तर तो हिबा. बक्षीसपत्र कपाटात आणि भाडं आजोबांच्या खिशात, याला हिबा म्हणत नाहीत. मरणपंथाच्या आजारात घाईने केलेला हिबासुद्धा एक तृतीयांशातच अडकतो.

वसीयत करून ती विसरून जाणं

सुन्नी कायद्यात वारसाला केलेली वसीयत बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. अनाथ नातू वारस नाही, म्हणून त्याला वसीयत चालते. त्याच्या दुर्दैवातच त्याची सोय आहे. पण वारस कोण, हे वसीयत लिहिली त्या दिवशी ठरत नाही, आजोबांच्या मृत्यूच्या दिवशी ठरतं.

समजा वसीयतीनंतर धाकटा मुलगाही आजोबांच्या आधी गेला. आता एकही मुलगा हयात नाही, म्हणून दोन्ही मुलांची मुलं वारस झाली. थोरल्याच्या मुलाला लिहिलेला एक तृतीयांश आता वारसाला केलेली वसीयत ठरतो आणि चुलतभावंडांसह बाकीच्या वारसांच्या संमतीवर लटकतो. त्याउलट ज्याला लिहून दिलं तो नातूच आजोबांच्या आधी गेला, तर हनफी कायद्यात ती देणगी गळून पडते. म्हणून प्रत्येक नावापुढे "तो हयात नसल्यास कोणाला" हे लिहावं, आणि घरात कुणाचाही मृत्यू झाला की वसीयत पुन्हा उघडून वाचावी. सून वारस नसतेच, तेव्हा एक तृतीयांशातला थोडा भाग तिच्या नावे लिहिला तर तो या फेऱ्यातून सुटतो.

लेकरांच्या मिळकतीचा कारभारी न नेमणं

याकडे वकीलसुद्धा दुर्लक्ष करतात. मुस्लिम कायद्यात आई लहान मुलांच्या मिळकतीची कायदेशीर पालक नसते. 1918 च्या इमामबंदी प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं की अशा आईने मुलांची स्थावर मिळकत विकली तर ती विक्री मुलांवर बंधनकारक नाही. नातवंडांना घराचा हिस्सा मिळाला तरी तो कोण सांभाळणार, यावर पुन्हा चाचांचं वर्चस्व येतं. पण बाप नसेल तर आजोबा पालक असतात, आणि ते वसीयतीने वसी, म्हणजे मिळकतीचा कारभारी, नेमू शकतात. आईलाही नेमता येतं. एक वाक्य पुरतं. ते नसेल तर सुनेला पालकत्वासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो.

बाकीच्या, थोडक्यात

तोंडी वसीयत कायद्याला चालते, पण सिद्ध करताना दमछाक होते. लिहूनच ठेवा.

साक्षीदार कायद्याने सक्तीचे नाहीत. तरी दोन घ्या, आजोबांपेक्षा तरुण आणि ज्यांना वसीयतीतून काही मिळत नाही असे.

बँकेत नातवाचं नाव नॉमिनी म्हणून टाकलं म्हणजे पैसा त्याचा झाला, असं नाही. वारस मागू शकतात.

"वरची खोली नातवाला" असं लिहू नका. खोली एक तृतीयांशाहून महाग निघते, किंवा आजोबा मधेच घर विकतात आणि देणगी संपते. भाग लिहा.

शिया कुटुंबांनी वरचे नियम जसेच्या तसे घेऊ नयेत. शिया कायद्यात एक तृतीयांशापर्यंत वारसालाही बिनसंमतीने देता येतं आणि हयातीत दिलेली संमतीही चालते.

मी लिहितो ते कलम

"माझ्या मृत्यूनंतर दफनाचा खर्च, माझी सर्व देणी आणि माझ्या पत्नीचा न दिलेला मेहर फेडून जी स्थावर व जंगम मिळकत उरेल, तिचा एक तृतीयांश भाग मी माझ्या मयत मुलाचा मुलगा व मुलगी यांना समान देतो. त्यांपैकी कोणी माझ्या आधी मरण पावल्यास त्याचा भाग दुसऱ्यास मिळेल. ती दोघे सज्ञान होईपर्यंत या भागाचा कारभार पाहण्यासाठी मी त्यांच्या आईला वसी नेमतो."

"समान" हा शब्द मुद्दाम आहे. वसीयतीत मुलाला दोन आणि मुलीला एक असं प्रमाण पाळण्याचं बंधन नाही, देणाऱ्याची इच्छा स्पष्ट दिसली पाहिजे. हे मुद्रांकावर लिहावं लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, तिला मुदत नाही, पण मी दुय्यम निबंधकांकडे करूनच घेतो आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला सोबत लावतो. मूळ प्रत धाकट्या मुलाच्या कपाटात ठेवू देत नाही. ती सुनेकडे राहते आणि एक प्रत लेकरांच्या फुफीकडे, म्हणजे आत्याकडे.