दुधाआधी बाळाच्या नाकात सलाईनचे थेंब: या चुका टाळा

पावसाळा लागला की ऐरोली-घणसोलीत ज्या घरी तान्हं बाळ, त्या घरी हीच तक्रार: "ड्रॉप्स घालतो, तरी बाळ दूध ओढत नाही." बहुतेकदा ड्रॉप्स ठीक असतात, वेळ चुकलेली असते.

पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाक चोंदलं की दोन घोट घेतं, सोडतं, रडतं, पुन्हा धरतं. आमच्या शेजारच्या तीन महिन्यांच्या बाळाचं हेच चाललं होतं. ते भुकेने रडायला लागलं की आई थेंब घालायची आणि लगेच पाजायला घ्यायची. रडताना मान हलते, त्यामुळे अर्धे थेंब गालावर जायचे आणि उरलेल्यांना शेंबूड सैल करायला वेळच मिळायचा नाही. आजी म्हणाल्या, "आधी पाज गं, मग घाल." तसं केलं तर ठसका लागून सगळं दूध बाहेर!

नंतर बाळ चुळबुळ करून मूठ चोखायला लागलं की, म्हणजे दुधाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी, थेंब घालायला सुरुवात केली. बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची. बाळाला उताणं ठेवून खांद्यांखाली टॉवेलची पातळ घडी द्यायची, म्हणजे हनुवटी जराशी वर होते. टोक नाकाला न लावता प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब. काही बाटल्या उलट्या धरल्या तर थेंब देतात आणि उभ्या धरून दाबल्या तर फवारा; तान्ह्याला थेंबच हवेत. मिनिटभर तसंच ठेवलं की शिंक येते, बाहेर आलेलं मऊ कपड्याने टिपायचं. तरीही घट्ट शेंबूड दिसला तरच रबरी पंप वापरा. तो बाहेरच दाबून मग नाकपुडीच्या तोंडाशी धरायचा आणि हळूच सोडायचा. दर दुधाला पंप लावला तर नाक आतून सुजून जास्तच चोंदतं. आणि नुसतं घुरघुरतंय पण दूध नीट पितंय, तर काहीच करू नका.

मेडिकलमध्ये नुसतं "नाकाचे ड्रॉप्स द्या" म्हणू नका. लेबलवर फक्त सोडियम क्लोराईड, बहुधा ०.६५ टक्के, असं हवं. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असेल तर ते वेगळं औषध आहे, तान्ह्याला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. मालिशवाल्या मावशी नाकात तेल सोडत असतील तर सरळ नाही म्हणा. ते फुप्फुसात उतरू शकतं. घरी मीठ-पाणी कालवणंही नको, प्रमाण आणि स्वच्छता दोन्ही चुकतात.

थेंब घालूनही बाळ नेहमीच्या निम्मंच पीत असेल, श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, शू कमी झाली असेल किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर पुढच्या दुधाची वाट न बघता डॉक्टरकडे न्या.