गॅरंटी संपायच्या आत: मुदतवाढीच्या पत्राची तयारी

समजा, सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याने आसवनीचं बांधकाम पुण्याच्या ठेकेदाराला दिलंय. ठेकेदाराने करार पाळला नाही तर पैसे देण्याची बँकेची हमी, म्हणजे 20 लाखांची परफॉर्मन्स बँक गॅरंटी, 31 मार्चला संपतेय आणि काम जूनअखेरपर्यंत चालणार आहे. करार फिडिक या आंतरराष्ट्रीय अभियंता महासंघाच्या 1999 च्या रेड बुकवर, म्हणजे बांधकामाच्या नमुना करारावर आहे. अशा वेळी कारखान्याने ठेकेदाराला मुदतवाढीचं पत्र लिहायला बसण्याआधी मूळ गॅरंटी तिजोरीतून काढा आणि तीन गोष्टी शोधा: मुदत कधी संपते, दावा कधीपर्यंत पोहोचला पाहिजे आणि तो कोणत्या शाखेत द्यायचा. शाखा पुण्यातली असेल तर शेवटच्या दिवशी सांगलीहून निघून भागणार नाही.

मग कराराचं कलम 4.2 उघडा. मुदत संपायच्या 28 दिवस आधीपर्यंत, म्हणजे इथे 3 मार्चपर्यंत, ठेकेदार परफॉर्मन्स सर्टिफिकेट, म्हणजे त्याने कराराची सगळी कामं पुरी केल्याचा दाखला, मिळायला पात्र झाला नसेल, तर काम पुरं होऊन दोष दुरुस्त होईपर्यंत गॅरंटी वाढवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पत्र मात्र फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच जाऊ द्या, कारण बँकेच्या मंजुरीला वेळ लागतो. त्यात गॅरंटीचा क्रमांक, रक्कम, कलम आणि नवी तारीख स्पष्ट हवी. दोषदायित्व, म्हणजे काम संपल्यावर दोष दुरुस्त करून द्यायची जबाबदारी, बारा महिन्यांचं असेल तर जून धरून पुढच्या वर्षीची 30 जून आणि वर दुरुस्तीसाठी थोडी सवड. दुरुस्तीपत्र, म्हणजे गॅरंटीची मुदत वाढवणारं बँकेचं पत्र, आपल्या हातात कधी पडायला हवं तेही लिहा, उदाहरणार्थ 10 मार्च. 'शक्य असल्यास' हे शब्द काढून टाका.

नकाराचे परिणाम करारात आहेत तेवढेच लिहा. मुदतवाढ न दिल्यास याच कलमाखाली गॅरंटीची पूर्ण रक्कम मागता येते, आणि 15.2 नुसार 14 दिवसांच्या नोटिशीने करार संपवता येतो. काळ्या यादीची धमकी करारात नसेल तर ती पत्रातही नको. त्याने बाजू कमकुवत होते.

'उशीर तुमच्यामुळे झाला, मुदतवाढीचं बँकेचं कमिशन तुम्ही भरा' असं उत्तर बहुतेक येतंच. त्या वादासाठी वेगळं पत्र लिहा आणि मुदतवाढ बिनशर्तच मागा.

सर्वात जास्त चुकतं ते पुढे. ठेकेदाराला लिहिलेल्या पत्राने बँक बांधली जात नाही. म्हणून बँकेला द्यायचं मागणीपत्र आजच तयार करून, गॅरंटीत दिलेल्या शब्दांतच, अधिकृत सहीनिशी ठेवा. 10 मार्चला दुरुस्तीपत्र आलं नाही तर ते 20 मार्चच्या आत शाखेत हातोहात देऊन पोच घ्या. वर्षअखेरच्या गर्दीत 31 तारखेवर अवलंबून राहू नका. ठेकेदाराने व्हॉट्सॲपवर पाठवलेला स्कॅन म्हणजे मुदतवाढ नव्हे. मूळ दुरुस्तीपत्र हाती आल्यावर आपल्या बँकेकडून एसएफएमएसवरची, म्हणजे बँकांच्या आपसातल्या सुरक्षित संदेशप्रणालीवरची खात्री करून घ्या, आणि तोवर मागणीपत्र फाडू नका.