बॅलन्स कन्फर्मेशनचं पत्र: तारीख नेमकी लिहा

ऑडिटसाठी उद्यमनगरातल्या आमच्या फर्मनं बँकेला लिहिलेल्या पहिल्या पत्रात फक्त 'शिल्लक कळवावी' एवढंच होतं. बँकेनं अर्जाच्या दिवसाची शिल्लक लिहून दिली आणि ऑडिटरनं दाखला परत केला. दुसऱ्या पत्रात असं लिहिलं:

'31 मार्च 2025 रोजी दिवसअखेर आमच्या चालू, कॅश क्रेडिट व मुदत ठेव खात्यांतील शिल्लक, जमा झालेले व्याज आणि बँक गॅरंटी सही-शिक्क्यानिशी कळवावी. दाखला थेट ऑडिटरच्या पत्त्यावर पाठवावा.'

खाली प्रत्येक खाते क्रमांक आणि बँकेकडे नोंद असलेलीच सही.

दाखल्यात 4,87,300 आले, आमच्या वहीत 4,12,300. बँकेकडे दुरुस्ती मागायची नाही: 29 मार्चला आम्ही दिलेला 75,000 चा चेक 3 एप्रिलला वटला होता. तो फरक वही आणि बँकेच्या शिल्लकेचा मेळ घालणाऱ्या रिकन्सिलिएशनमध्येच दाखवायचा.