गेममध्ये चित्र मधूनच का फाटतं?

६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा, वरून खाली, चित्र रंगवतो. हा रिफ्रेश रेट. ग्राफिक्स कार्ड सेकंदाला किती चित्रं तयार करतं, तो फ्रेम रेट. समजा तो ९० आहे. मग मॉनिटर अर्ध्यावर असतानाच नवी फ्रेम येते आणि वर जुनं, खाली नवं चित्र दिसतं. कॅमेरा झपकन आडवा फिरवा, खांब मधूनच तुटलेला दिसेल. फ्रेम रेट ६० पेक्षा कमी असला तरी हे होतंच, बरं का!

गेमच्या सेटिंगमधलं व्ही-सिंक चालू केलं की फ्रेम बदलायला पुढच्या रिफ्रेशपर्यंत थांबावं लागतं. फाटणं थांबतं, पण माउस किंचित जड वाटतो. कार्डाला ६० झेपत नसतील, तर साध्या डबल बफरिंगमध्ये, म्हणजे एक फ्रेम दाखवायला आणि एक तयार करायला अशा दोनच जागा असतात तेव्हा, वेग थेट ३० वर आदळतो. अशा वेळी आधी ग्राफिक्स सेटिंग उतरवा.