शहराचं डोकं उडवा, महादेव भेटेल: क्रिप्टिक कोड्यातली काटछाट कशी सोडवायची

आमच्या आत्याला क्रिप्टिक शब्दकोड्याचं वेड आहे, आणि रविवारी सदाशिव पेठेत तिच्याकडे गेलं की चहाच्या आधी पेन्सिल हातात येते. मागच्या वेळी तिने स्वतः बनवलेला एक क्लू पुढे सरकवला:

मोठ्या गावाचं डोकं उडालं, राहिला महादेव (२)

मी पाच मिनिटं पुण्यातली शंकराची देवळं आठवत बसलो. ओंकारेश्वर, पाताळेश्वर, सगळी झाली. ती हसत होती, कारण मी पहिलीच पायरी चुकलो होतो.

पहिली पायरी म्हणजे क्लूचे दोन तुकडे करा. क्रिप्टिक क्लूमध्ये उत्तराचा सरळ अर्थ असतो आणि तो बहुतेक वेळा अगदी सुरुवातीला नाहीतर अगदी शेवटी बसलेला असतो, मधे सहसा नाही. उरलेला भाग ही शब्दाशी केलेली खोडी. इथे शेवटचा ‘महादेव’ हा अर्थ, ‘राहिला’ हा फक्त सांधा, आणि ‘मोठ्या गावाचं डोकं उडालं’ ही खोडी.

दुसरी पायरी, कुठे कापायचंय ते बघा. डोकं, शेंडी, आरंभ असलं काही गेलं म्हणाले तर पहिलं अक्षर उडवायचं. शेपूट गेली, शेवट झाला नाही, अपुरं राहिलं असं असेल तर शेवटचं. आणि पोट, मन, गाभा रिकामा झाला तर मधलं. पण डोकं ‘फिरलं’ असं असेल तर जरा थांबा, तिथे कापाकापी नसून अक्षरांची उलटापालट असू शकते.

तिसऱ्या पायरीला बहुतेक जण अडकतात. जो शब्द कापायचा तो बहुतेक वेळा क्लूमध्ये लिहिलेला नसतो, त्याच्या अर्थाचा दुसरा शब्द असतो, मूळ शब्द आपणच शोधायचा. इथे कंसातला आकडा कामाला येतो: उत्तर २ अक्षरांचं आणि एक अक्षर कापलंय, म्हणजे मूळ शब्द ३ अक्षरांचा. मोठं गाव, ३ अक्षरं. मला आधी ‘नगर’ सुचलं, डोकं उडवलं तर ‘गर’ उरला, शब्द खरा, अक्षरंही बरोब्बर, मी लिहून टाकणार तेवढ्यात आत्या म्हणाली, “अरे, आंब्यातला गर म्हणजे महादेव का?” म्हणून चौथी पायरी: उरलेला तुकडा अर्थाशी ताडून बघितल्याशिवाय पेन्सिल टेकवू नका. मग ‘शहर’ सुचलं, ‘श’ गेला, ‘हर’ उरला. हर हर महादेव!

गंमत म्हणजे हाच शब्द तिन्ही ठिकाणी कापता येतो. मधला ‘ह’ काढला की ‘शर’, म्हणजे बाण, आणि शेवटचा ‘र’ काढला की ‘शह’, बुद्धिबळात राजाला देतात तो. त्यामुळे नुसतं ‘शहर’ सापडून भागत नाही, कुठे कापायचं हे क्लू काय म्हणतोय त्यावरूनच ठरवायचं.

एक घोटाळा खास मराठीतला आहे. इंग्रजी कोड्यात एका चौकोनात एक लेटर, त्यामुळे ‘ट्रेन’चं डोकं उडवलं की फक्त टी जातो आणि ‘रेन’ म्हणजे पाऊस उरतो. मराठीत मात्र ‘ट्रे’ हे अख्खं अक्षर एका चौकोनात बसतं, जोडाक्षर आणि मात्रा सगळ्यासकट, मग ते गेलं की हातात राहतो नुसता ‘न’. इंग्रजी कोडी सोडवून आलेले लोक इथे हमखास फसतात, मीसुद्धा. काही क्लूंमध्ये अक्षर तसंच ठेवून फक्त काना काढलेला असतो, जसं ‘काळ’चं ‘कळ’, पण मग क्लूमध्ये कान्याचा काहीतरी इशारा पाहिजे, नसेल तर ती बनवणाऱ्याची लबाडी समजायची (हे माझं मत, आत्याला मान्य नाही).

दुसरा घोटाळा, कोणाला कापायचं तेच कळत नाही. “पक्षी डोकं नसलेला अर्क” असं वाचलं तर डोकं पक्ष्याचं गेलं का अर्काचं? दोन्ही अर्थ निघतात. इथेही आकडा मदतीला येतो. कंसात २ असेल तर ३ अक्षरी पक्षी घेऊन बघा, सारस, डोकं उडवलं की रस, म्हणजे अर्क. कंसात ३ असता तर सारस चालला नसता, कदाचित उलटं, अर्काच्या अर्थाचा ४ अक्षरी शब्द कापून पक्षी मिळवावा लागला असता.

आणि कधीकधी एक अक्षर नाही, अख्खा तुकडाच जातो. निघताना आत्याने दारात हा दिला, तो मी जिना उतरेपर्यंत सुटला, तुम्ही बघा:

पुणे सोडलं तरी पुणेकराला भरावा लागतो (२)