डोमेन दुकानाला जोडताना या चुका टाळा

तांबट आळीतल्या एका काकांचं तांब्याच्या भांड्यांचं दुकान आहे. दिवाळीआधी त्यांनी शॉपिफायवर ऑनलाइन दुकान उभं केलं. डोमेन दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्या कंपनीकडून घेतलेलं होतं, तेच त्याला जोडलं. दुकानातल्या वायफायवर साइट झकास उघडायची. पण कोथरूडच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "काका, इथं तर कसल्यातरी जाहिराती दिसतायत." काकांना वाटलं, त्या बाईंच्या मोबाइलमध्येच काहीतरी बिघाड असेल. मोबाइल ठीक होता. चूक डोमेनच्या सेटिंगमध्ये होती, आणि अगदी नेहमीची होती.

डोमेन विकत घेतलं की विकणारी कंपनी त्यावर स्वतःचं एक तात्पुरतं पान लावून ठेवते. त्यासाठी तिच्या डीएनएस सेटिंगमध्ये `A` नावाची नोंद असते. आपलं नाव टाइप केल्यावर कोणत्या सर्व्हरकडे जायचं, तो पत्ता त्या नोंदीत असतो. काकांनी शॉपिफायचा पत्ता नवीन नोंद म्हणून टाकला, पण जुनी नोंद काढली नाही. एका नावाला दोन पत्ते झाले. मग कुणाला हा पत्ता मिळतो, कुणाला तो. म्हणून नवीन नोंद भरण्याआधी जुनी पुसा, किंवा जुन्यातलाच आकडा बदला. दुकानाच्या पत्त्यापुरत्या शेवटी या दोनच नोंदी उरल्या पाहिजेत:

```
A      @    23.227.38.65
CNAME  www  shops.myshopify.com
```

`@` म्हणजे आपलं डोमेन, पुढेमागे काही न जोडता. `CNAME` ही नोंद एका नावाला दुसऱ्या नावाकडे पाठवते. दुसरा दुकान-बिल्डर असेल तर त्याच्या स्क्रीनवर दिलेले पत्ते घ्या, हे घेऊ नका. डोमेन फॉरवर्डिंग, म्हणजे आपलं नाव दुसऱ्या साइटकडे वळवण्याची सोय, चालू असेल तर तेही बंद करा. काही कंपन्यांकडे ते चालू असेपर्यंत जुनी नोंद पुसूच देत नाहीत.

जुनी नोंद पुसल्यावरही काकांच्या मुलाच्या मोबाइल डेटावर जाहिरातीच येत राहिल्या, वायफायवर मात्र दुकान. इथे बरेच जण थकून सोडून देतात. कारण `AAAA` नावाची आणखी एक नोंद. ती आयपीव्ही६ प्रकारच्या पत्त्याची असते. जिओसारखं मोबाइल नेटवर्क आयपीव्ही६ वापरतं, त्यामुळे तिथला फोन आधी हाच पत्ता बघतो. दुकानातलं वायफाय जुन्या पद्धतीचं होतं, म्हणून काकांना काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं. तीही जुनी नोंद पुसली आणि प्रश्न सुटला. तेव्हा तपासताना फक्त दुकानातल्या वायफायवर विसंबू नका. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर एकदा बघाच.

कॉम्प्युटर असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाइप करा, `example.com` च्या जागी आपलं डोमेन घालून:

```
nslookup example.com
```

वरच्या `Server` आणि `Address` या पहिल्या दोन ओळी आपल्याच नेटवर्कच्या असतात, त्या सोडून द्या. त्याखाली आपल्या डोमेनच्या नावापुढे शॉपिफायच्या आकड्याशेजारी अनोळखी आकडा दिसला तर जुनी नोंद अजून शिल्लक आहे. पुसूनही दिसत असेल तर थोडं थांबा. नोंदीजवळ `TTL` लिहिलेलं असतं, ते 3600 सेकंद असेल तर जुना पत्ता तासभर लोकांच्या नेटवर्कमध्ये टिकतो.

नाव भरतानाची एक छोटी चूक सांगतो. `www` च्या रकान्यात अख्खं डोमेन लिहू नका, कारण बहुतेक कंपन्या पुढचं नाव स्वतः जोडतात. मग नोंद `www.example.com.example.com` अशी होते आणि `www` ने साइट उघडतच नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळी आहे. यूट्यूबवर बघून कुणीतरी सांगतं, "नेमसर्व्हर बदलून टाका, काम झटपट होतं." डोमेनच्या नोंदी कोणत्या कंपनीकडे बघायच्या, ते नेमसर्व्हर ठरवतात. शॉपिफायला ते बदलायची गरजच नसते. नेमसर्व्हर बदलले की जुन्या कंपनीकडच्या सगळ्या नोंदी निकामी होतात, त्यात ईमेलची `MX` नोंदही आली. दुकानाच्या नावाचा ईमेल असेल तर गिऱ्हाइकाच्या चौकशा आणि पुरवठादाराची बिलं यायची थांबतात, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. `.com` डोमेनचे नेमसर्व्हर मागे फिरवले तरी पूर्ववत व्हायला दोन दिवस लागू शकतात. म्हणून कशालाही हात लावण्याआधी नोंदींच्या पानाचा फोटो काढून ठेवा, आणि `MX` व `TXT` नोंदी आहेत तशाच राहू द्या.

नोंदी बरोबर झाल्यावर शॉपिफायच्या Settings मध्ये Domains उघडा आणि Verify connection दाबा. त्यानंतरही ब्राउझर "सुरक्षित नाही" म्हणाला तर घाबरून डोमेन काढून पुन्हा जोडू नका. सुरक्षेचं प्रमाणपत्र आपोआप तयार होतं, त्याला 48 तासांपर्यंत वेळ लागू शकतो आणि काढून जोडलं की ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. काकांचं प्रमाणपत्र दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. तोवर त्यांनी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवणं थांबवलं होतं, ते योग्यच केलं.